चार फोन, एक बिल: दुकानाचा नंबर वेगळाच बरा

ईद दोन दिवसांवर आली होती. पनवेलच्या बाजारात काच आणि ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्या एका परिचित बंधूंचा फोन सकाळपासून मुका झाला. येणारे कॉल येत होते, पण जाणारा एकही लागत नव्हता आणि इंटरनेट पूर्ण बंद होते. गिऱ्हाईक खिडकीच्या मापांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, ते उघडेनात. काचेच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन करावा, तर तोही लागेना. घरी विचारले तेव्हा कळले की चौघांचेही फोन असेच झाले आहेत. कारण साधे होते. चार नंबर एका पोस्टपेड बिलात होते. मुलाने महिनाभर मनसोक्त व्हिडिओ पाहिले, ठरलेल्या डेटाच्या वर वापर गेला आणि कंपनीने त्या खात्याला घातलेली उधारीची मर्यादा ओलांडली गेली. खाते एक असल्याने बंदी चौघांवर आली. बिल भरून फोन चालू होईपर्यंत दीड दिवस गेला. ईदच्या आधीचा दीड दिवस म्हणजे काय, हे धंदेवाल्याला सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर महिन्याभराने शिरढोणहून दुसरे एक बंधू भेटले. मुंबई-गोवा महामार्गालगत त्यांचे ग्रील आणि शटरचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्यांचा प्रश्न नेमका होता. “घरात चौघे. मी, बायको, अम्मी आणि मुलगी. मुलगी शिवणाचे आणि मेहंदीचे काम व्हिडिओवर दाखवून ऑर्डर घेते, म्हणून डेटा सगळा तिलाच लागतो. रिचार्जवाला म्हणतो प्रीपेडच ठेवा, कंपनीचा माणूस म्हणतो सगळे पोस्टपेड करा, स्वस्त पडेल. खरे कोणाचे?”

दोघांचेही अर्धे खरे होते. त्यांच्याबरोबर बसून जो हिशेब मांडला, तो येथे देत आहोत. एक माणूस भरपूर डेटा वापरतो आणि तिघे जेमतेम, अशी घरे आपल्या वाचकांत थोडी नाहीत.

आधी माप, मग माल

ग्रीलचे काम घेताना आपण खिडकी मोजल्याशिवाय भाव सांगत नाही. डेटाचे मात्र उलट चालते. योजना आधी घेतली जाते आणि वापर किती, हे कोणी पाहत नाही. आम्ही त्या बंधूंना सांगितले की अठ्ठावीस दिवस रोज रात्री चारही फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डेटा वापर’ पाहा आणि वहीत आकडा लिहा. मोबाइल डेटाचा आकडा लिहायचा, वायफायचा नाही. त्याच पानावर कोणत्या ॲपने किती घेतला, तेही दिसते.

वही आली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अम्मींचा फोन बटणांचा, त्यांचा डेटा शून्य. बायकोचे महिन्याला नऊ जीबी, स्वतःचे दहा. मुलीचे अठ्ठावीस दिवसांत बहात्तर जीबी. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की हे बहात्तर रोज सारखे नव्हते. वीस दिवस ती रोज सुमारे १.६ जीबी वापरत होती. उरलेले आठ दिवस, म्हणजे आठवड्यातून दोन दिवस, ती नवीन व्हिडिओ चढवते आणि थेट दाखवते. त्या दिवशी वापर पाच जीबीवर जात होता.

त्या पाच जीबीतही एक चोर सापडला. फोनमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप साठवून ठेवण्याची सोय मोबाइल डेटावर चालू होती. तिने व्हिडिओ एकदा गिऱ्हाइकांसाठी चढवला की तोच व्हिडिओ फोन स्वतःहून दुसऱ्यांदा साठवणीसाठी चढवत होता. अशा दिवसाला दीड जीबी त्यातच जात होता. ती सोय ‘फक्त वायफायवर’ केली आणि पाचाचे साडेतीन झाले. अठ्ठावीस दिवसांचा वापर बहात्तरवरून साठ जीबीवर आला. योजना बदलण्याच्या आधीच बारा जीबी वाचले, तेही फुकट. ज्यांच्या घरी कोणी ‘खूप डेटा खातो’ अशी तक्रार आहे, त्यांनी हे पान एकदा जरूर उघडून पाहावे. मुलाच्या हॉटस्पॉटवर सगळे घर चालत असेल, तर तोही वापर त्याच्याच नावावर दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

रोजचा घडा आणि महिन्याची टाकी

प्रीपेड आणि पोस्टपेड यांत पैसे आधी की नंतर, एवढाच फरक आहे असे बहुतेकांना वाटते. जास्त डेटा वापरणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक वेगळा आहे. प्रचलित प्रीपेड योजनेत डेटा रोजच्या हिशेबाने मिळतो, दिवसाला दीड किंवा दोन जीबी. हा रोज भरणारा घडा आहे. रात्री बारा वाजता उरलेले पाणी ओतून दिले जाते आणि घडा पुन्हा भरतो. दिवसा घडा रिकामा झाला तर वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात मजकूर कसाबसा जातो, व्हिडिओ जात नाही. पोस्टपेड योजनेत महिन्याची एक टाकी असते. आज पाच घ्या, उद्या अर्धा घ्या, महिन्याची बेरीज टाकीत बसली म्हणजे झाले. टाकी संपली तर पाणी थांबत नाही, पण प्रत्येक जीबीचे पैसे वेगळे लागतात.

आता मुलीच्या वहीकडे पाहा. दोन जीबीचा घडा असेल, तर वीस दिवस तिचे रोज ०.४ जीबी वाया जातात आणि आठ दिवस रोज दीड जीबी कमी पडतो. म्हणजे एकीकडे आठ जीबी सांडतात आणि दुसरीकडे बारा जीबीची टंचाई होते. अठ्ठावीस दिवसांचे छप्पन्न जीबी आणि तिची गरज साठ, फरक फक्त चारचा दिसतो. प्रत्यक्षात बारा जीबी वरून विकत घ्यावे लागतात. जो रोज सारखाच वापर करतो, उदाहरणार्थ रोज एक तास पाहणारा विद्यार्थी, त्याला घडा परवडतो. ज्याचा वापर आठवड्यातून दोनदा उसळतो, त्याला टाकी परवडते. कारागिराच्या घरातला वापर बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो.

रुपयांचा हिशेब

हिशेबासाठी आम्ही जिओचे दर घेतले, कारण त्या घरात चारही नंबर त्याच कंपनीचे होते. हे दर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत आणि नुसत्या बोलण्याची योजना जानेवारी २०२५ ची आहे. वाचकांनी आपल्या दिवशीचा दर विचारून त्या जागी घालावा. पद्धत तीच राहील. दुसऱ्या कंपन्यांची रचनाही अशीच आहे. एअरटेलची चार जोडण्यांची पोस्टपेड योजना त्याच जुलैत ९९९ वरून १,१९९ रुपयांवर गेली होती.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. प्रीपेडचा छापील भाव जीएसटीसह असतो. पोस्टपेडचा भाव जीएसटी वगळून सांगितला जातो आणि बिलात अठरा टक्के वर चढतात. ४४९ ची योजना हातात ५३० रुपयांना पडते. दोन जाहिराती शेजारी ठेवून तुलना करणारा नेमका येथे फसतो. दुसरी गोष्ट, अठ्ठावीस दिवसांचा महिना वर्षात बारा वेळा नव्हे, तेरा वेळा येतो. म्हणून तुलना नेहमी वर्षाच्या रकमेची करावी.

या बंधूंच्या घरी चौघांनाही ३४९ रुपयांचा, दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज चालू होता. वर्षाला १८,१४८ रुपये जात होते. बटणांच्या फोनवर अम्मी रोज दोन जीबी विकत घेत होत्या आणि तरीही मुलीचे आठ दिवस अडत होते. हा सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग, आणि बहुसंख्य घरांत हाच चालतो.

आता शहाणपणाचे प्रीपेड पाहू. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसच्या योजना देणे बंधनकारक केले. त्यानंतर आलेली १,७४८ रुपयांची ३३६ दिवसांची योजना अम्मींना पुरते. वर्षाचा हिशेब सुमारे १,८९९ रुपये. नवरा-बायकोला ७९९ रुपयांत चौऱ्याऐंशी दिवस, दिवसाला दीड जीबी. वर्षाला प्रत्येकी सुमारे ३,४७२. मुलीला ८५९ रुपयांत चौऱ्याऐंशी दिवस, दिवसाला दोन जीबी; वर्षाला सुमारे ३,७३३. शिवाय तिच्या उसळीच्या दिवसांसाठी वरचे डेटा पॅक. अशा लहान पॅकांची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून दर आठवड्याला ६९ रुपयांचे सहा जीबीचे एक धरले, वर्षाला ३,५८८. एकूण सुमारे १६,१६४ रुपये.

तिसरा मार्ग म्हणजे चौघांचे एकत्र पोस्टपेड. मुख्य जोडणी ४४९ रुपये, तीत ७५ जीबी. जोडलेल्या प्रत्येक नंबरला १५० रुपये आणि प्रत्येकामागे पाच जीबी जास्त. मिळून ८९९ रुपये, जीएसटीसह महिन्याला सुमारे १,०६१, वर्षाला १२,७३० रुपये. टाकी नव्वद जीबीची. मुलीचे साठ जीबी अठ्ठावीस दिवसांचे आहेत, महिन्याचे चौसष्ट झाले. त्यात आई-वडिलांचे एकोणीस मिळवले की त्र्याऐंशी होतात. टाकीत बसते.

म्हणजे कंपनीचा माणूस खोटे बोलत नव्हता. या घरापुरते चौघांचे पोस्टपेड सर्वांत स्वस्त आहे. तरीही आम्ही ते घ्या असे सांगितले नाही.

एका टाकीला चार नळ

कारण टाकी एक आणि नळ चार. त्र्याऐंशी जीबी नव्वदमध्ये बसतात ते साध्या महिन्यात. या मुलीचा खरा हंगाम रमजानचा. शिवणाच्या ऑर्डरी तेव्हाच येतात, मेहंदीच्या व्हिडिओला मागणी तेव्हाच असते. त्या महिन्यात तिने दुप्पट वापर केला, तर एकूण १४७ जीबी होतात. सत्तावन्न जीबी वरचे, जीबीमागे दहा रुपये आणि त्यावर कर, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास. रक्कम मोठी नाही. ऑर्डरीतून ती सुटेल. भीती रकमेची नाही. वापर खात्याच्या मर्यादेला लागला, किंवा ईदच्या गडबडीत बिलाची तारीख चुकली, किंवा बिलातल्या एखाद्या आकड्यावर वाद झाला, तर थांबतो तो एकट्या मुलीचा फोन नव्हे. वेल्डिंगच्या दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबरही थांबतो. काचवाल्या बंधूंचे नेमके हेच झाले.

दुकानाचा नंबर हा घरातला चौथा फोन नाही. तो बँकेत नोंदलेला आहे, पैशाच्या प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी त्यावर येतो, जुनी गिऱ्हाइके तोच ओळखतात. म्हणून आमचे मत असे की घरात डेटा जास्त वापरणारा कोणी असेल, तर त्याच्यासाठी पोस्टपेडची टाकी जरूर घ्यावी, पण दुकानाचा नंबर त्या टाकीला जोडू नये.

या घराचा हिशेब तसा मांडला. मुलीच्या नंबरावर मुख्य पोस्टपेड, त्याला आई आणि अम्मी जोडलेल्या. महिन्याला ७४९ रुपये, करासह सुमारे ८८४, वर्षाला १०,६०६. टाकी ८५ जीबीची आणि नेहमीचा वापर त्र्याहत्तर. बारा जीबी शिल्लक राहतात. दुकानाचा नंबर वेगळा, प्रीपेडवर, चौऱ्याऐंशी दिवसांचा, वर्षाला ३,४७२. एकूण १४,०७८ रुपये. सर्वांत स्वस्त मार्गापेक्षा वर्षाला १,३४८ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला एकशे बारा. पूर्वी जे जात होते त्यापेक्षा मात्र चार हजारांहून अधिक वाचले. एकशे बारा रुपयांत दुकानाचा फोन घराच्या बिलापासून सुटतो. वेल्डिंगच्या रॉडच्या पाकिटाला यापेक्षा जास्त लागतात.

यावर त्या बंधूंनी रास्त शंका काढली. “प्रीपेडही बंद पडतेच की. मुदत संपली आणि लक्षात राहिले नाही, तर?” खरे आहे. प्रीपेडची मुदत संपली की जाणारे कॉल थांबतात, काही दिवसांनी येणारेही थांबतात, आणि नंबर फार काळ वापराविना पडून राहिला तर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. पण प्रीपेडची तारीख आपल्याला आधीपासून माहीत असते आणि ती दुसऱ्या कोणाच्या वापराने अलीकडे सरकत नाही. दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडर आहेच. चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षात चार-पाच तारखा. त्यांवर लाल खूण करावी आणि मुदतीच्या दोन दिवस आधीच पुढचा रिचार्ज टाकावा. बहुतेक योजनांत तो रांगेत उभा राहतो, आधीचे दिवस बुडत नाहीत.

कोणाचा हिशेब वेगळा येईल

दोन परिस्थितींत आमचा हा सल्ला बदलतो.

पहिली, मुलीकडे 5जीचा फोन असेल तर. जुलै २०२४ नंतर दिवसाला दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्रीपेड योजनेवर जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद 5जी दिले. 5जीवर झालेला वापर घड्यातून कापला जात नाही. तसे झाले तर ८५९ चा प्रीपेडच पुरेल, वरचे पॅक लागणार नाहीत आणि चौघांचे प्रीपेड वर्षाला १२,५७६ रुपयांत बसेल. पण फोन 5जी आहे एवढ्याने भागत नाही. ती ज्या खोलीत बसून व्हिडिओ चढवते, तेथे फोनच्या वरच्या पट्टीत 5जी दिसले पाहिजे. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी शटर सिग्नल अडवतात. अंगणात 5जी आणि आत 4जी हा अनुभव पुष्कळांचा आहे. 4जीवर आलेला वापर घड्यातूनच जातो. या मुलीचा फोन 4जीचा होता, म्हणून आम्ही हा मार्ग सोडला. नवा फोन घेताना मात्र हिशेब पुन्हा मांडावा.

दुसरी, ज्यांची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची आहे त्यांच्यासाठी. दुकानाच्या नावे स्वतंत्र पोस्टपेड घेऊन बिलावर जीएसटी क्रमांक नोंदवला, तर धंद्याच्या वापराचा कर परत जमेला धरता येतो. हे बिल दुकानाच्या एकट्या नंबरचे हवे. घराच्या नंबरांचा कर त्यात धरू नये. कंपोझिशन योजनेतल्या लहान दुकानदाराला ही सवलत नाही, त्याने त्यासाठी पोस्टपेडच्या मागे लागू नये.

बदल करताना

प्रीपेडचे पोस्टपेड त्याच कंपनीत ओटीपीवर होते, नवे कागद लागत नाहीत. मात्र रिचार्जची उरलेली मुदत सहसा बुडते, म्हणून मुदत संपत आली असतानाच बदल करावा. परत प्रीपेडवर यायचे असेल तर पूर्वी नव्वद दिवस थांबावे लागे. जून २०२५ पासून पहिल्यांदा परतण्यासाठी ही मुदत तीस दिवसांवर आली आहे, त्यापुढच्या बदलांना नव्वदच. कंपनी बदलून पोस्टपेड घ्यायचे असेल तर घरात आणि दुकानात त्या कंपनीचे सिग्नल आधी एखाद्याच्या फोनवर पाहून घ्यावे. पुढे कंपनी सोडताना बिल थकलेले असेल तर नंबर नेता येत नाही, हेही विसरू नये.

पोस्टपेड घेतल्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात: खात्याची उधारीची मर्यादा किती, आणि टाकी संपल्यावर जीबीमागे दर काय. दोन्ही उत्तरे एसएमएसने किंवा कंपनीच्या ॲपमध्ये लेखी घ्यावीत. टाकी संपत आल्याचा एसएमएस मुख्य नंबरावर येतो, म्हणून मुख्य नंबर त्याचाच असावा जो डेटा वापरतो. या घरात तो मुलीचा केला. तिला तिचा कच्चा माल किती शिल्लक आहे ते कळते आणि रमजान लागण्यापूर्वी मोठी योजना घ्यायची की वरचे जीबी मोजायचे, ते तीच ठरवते.

शिरढोणच्या त्या बंधूंनी जुमा झाल्यावर फोन करून कळवले की बदल झाला. फोन दुकानाच्याच नंबरावरून होता. ते म्हणाले, “चाचा, मुलगी आता बिल स्वतः भरते. म्हणते, माझा धंदा, माझी टाकी.”

तिचे म्हणणे हिशेबाला धरूनच आहे.